व्यवसाय कराचे 2500 रुपये आणि दुष्काळातलं तुमचं गिऱ्हाईक



नांदेडच्या बॅचमध्ये दरवेळी एक प्रश्न हमखास येतो. रजिस्ट्रेशनचा विषय निघाला, उद्यम झालं, शॉप ॲक्ट झालं, जीएसटी झालं, आणि मी फळ्यावर 'व्यवसाय कर, वर्षाला 2500' असं लिहिलं की मागून कुणीतरी म्हणतं, "सर, हा कशाचा कर? धंदा चालो न चालो, द्यायचाच का?" सगळे हसतात. मी पण हसायचो आणि पुढे जायचो. व्हिडिओतही मी या विषयावर वीस सेकंदच बोललो होतो. आज जरा नीट सांगतो, कारण या 2500 रुपयांचा तुमच्या दुकानाच्या गल्ल्याशी सरळ संबंध आहे आणि तो बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नाही.

आधी तुमच्या दुकानातला स्टॅबिलायझर बघा. फ्रिजच्या मागे ठेवलेला असतो तो. रात्री दोन वाजता व्होल्टेज घसरलं तर तुम्ही उठून बटण दाबायला जात नाही, तो आपला आपण टक् करून सांभाळून घेतो. सरकारी व्यवहारातही अशा काही गोष्टी असतात. बाजार पडला की त्यातून लोकांच्या हातात आपोआप जास्त पैसा जातो, किंवा लोकांकडून आपोआप कमी पैसा घेतला जातो. त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही, पॅकेज लागत नाही, पंचनामा लागत नाही. अर्थशास्त्रवाले यालाही ऑटोमॅटिक स्टॅबिलायझरच म्हणतात. बेकारी भत्ता हे त्याचं एक रूप, आणि उत्पन्न वाढेल तसा वाढणारा आणि घटेल तसा घटणारा आयकर हे दुसरं.

फरक कळायला 2016 चं लातूर आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन 'जलदूत' लातूर स्टेशनात शिरली तेव्हा लोक बघायला गेले होते. ती रेल्वे म्हणजे निर्णय होता. कुणीतरी ठरवलं, वॅगन धुवून घेतल्या, पाइपलाइन टाकली, मग पाणी आलं. निर्णयाला वेळ लागतो, आणि तो लवकर होईल की उशिरा याची कुणी खात्री देत नाही. त्याच उन्हाळ्यात औसा, निलंगा, मुखेड, लोहा या भागात रोजगार हमीच्या कामावर माणसं जात होती. त्यासाठी नव्या योजनेची घोषणा लागली नाही. कायदा आधीच होता. माणसाने काम मागायचं आणि शासनाने द्यायचं.

बेकारी भत्ता म्हटलं की आपल्याला युरोप-अमेरिका आठवते. नोकरी गेली की खात्यात पैसे. आपल्याकडे त्या पद्धतीचं थोडंफार आहे. ईएसआयसीमध्ये नाव असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर 2018 पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून काही दिवस पगाराचा भाग मिळू शकतो. पण खरं सांगा, नांदेडच्या वजिराबादमध्ये किंवा लातूरच्या गंजगोलाईत दुकानावर काम करणाऱ्या किती पोरांची नावं ईएसआयसीत आहेत? आणि शेतमजुराची तर नाहीच. मराठवाड्यात मंदी येते ती बहुतेक वेळा शेतातून येते. सोयाबीन गेलं की आधी मजुराचं काम जातं, मग आडत थंडावते, मग तुमचं दुकान. म्हणून आपल्याकडचा खरा बेकारी भत्ता म्हणजे रोजगार हमी. आणि हे यंत्र महाराष्ट्रानेच बनवलं आहे.

हा विचार वि. स. पागे यांचा. ते विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मग 1972 चा दुष्काळ पडला. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर विचारा. खडी फोडलेली, पाझर तलावावर माती वाहिलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून कायदा झाला. 1977 मध्ये तो मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. देशाला 2005 मध्ये जो मनरेगाचा कायदा मिळाला तो याच वाटेने आला.

आता पैशाचा प्रश्न. हक्क दिला, पण दुष्काळातच पैसा आणायचा कुठून? दुष्काळ पडला की शासनाचं उत्पन्नही आटतं. इथे त्या लोकांनी डोकं चालवलं. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला आणि त्याचा पैसा रोजगार हमीसाठी ठेवला. जोडीला मोटार वाहन करावर, विक्रीकरावर आणि बागायती जमिनीवर जादा आकारणी केली, आणि असा जितका पैसा जमेल तितकाच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचा असं ठरलं. व्यवसाय कर सगळ्यात जास्त कुठून येणार? मुंबई-पुण्याच्या पगारदारांकडून. त्यांच्या पगारातून दरमहा 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. आणि लोह्यात पाऊस पडला नाही म्हणून नरिमन पॉइंटच्या बँकेतल्या माणसाचा पगार कमी होत नाही. दुष्काळ जिथे आहे तिथून पैसा गोळा न करता, जिथे दुष्काळ नाही तिथून तो येतो. हेच तर विम्याचं तत्त्व आहे.

तर तुमचे 2500 रुपये मुळात या कारणासाठी सुरू झाले. आता तुमच्या बाजूने हिशेब मांडू.

समजा तुमचं किराणा दुकान एका मोठ्या गावात आहे. पाऊस दगा देतो. गावातली 200 कुटुंबं रोजगार हमीच्या कामावर जातात, प्रत्येकी 50 दिवस. 2025-26 साठी महाराष्ट्रातला मनरेगाचा मजुरी दर दिवसाला 312 रुपये होता. 200 गुणिले 50 गुणिले 312, म्हणजे 31 लाख 20 हजार रुपये. शेतात काम नसलेल्या वर्षात, एका गावात. हा पैसा एफडीत जात नाही. तेल, साखर, चहापत्ती, पोरांच्या वह्या, मोबाईलचा रिचार्ज, दवाखाना यात जातो. तुम्ही भरलेले 2500 आणि तुमच्या काउंटरवर आलेला हा पैसा शेजारी शेजारी ठेवून बघा.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. व्यवसाय कर स्वतः स्टॅबिलायझर नाही. तुमचा धंदा अर्धा झाला तरी 2500 च द्यायचे आणि दुप्पट झाला तरी 2500 च. राज्यघटनेतच या कराला वर्षाला 2500 ची कमाल मर्यादा आहे, 1988 पासून ती तशीच आहे. त्यामुळे बॅचमधल्या त्या पोराची तक्रार अगदीच चूक नाही. टपरीवाल्याला आणि मोठ्या शोरूमवाल्याला एकच रक्कम, याला न्याय म्हणवत नाही. या जोडगोळीत आपोआप हलतो तो खर्च. कर जागेवर उभा राहतो.

हलणारा कर बघायचा असेल तर आयकर बघा. लातूरचा एक हार्डवेअरवाला धरू. वर्षाची विक्री 2 कोटी, बहुतेक रोखीत, आणि तो 44AD म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनुमानित पद्धतीने रिटर्न भरतो. रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, म्हणजे उत्पन्न 16 लाख. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20 हजार, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40 हजार, आणि शेवटच्या 4 लाखांवर 15 टक्के म्हणजे 60 हजार. एकूण 1 लाख 20 हजार, त्यावर 4 टक्के सेस धरून 1 लाख 24 हजार 800.

पुढच्या वर्षी सोयाबीन गेलं, लोकांनी घराची कामं थांबवली, विक्री दीड कोटीवर आली. उत्पन्न 12 लाख. 12 लाखांपर्यंत रिबेट आहे, कर शून्य. उत्पन्न 4 लाखांनी घटलं, पण कर भरून हातात राहणारी रक्कम 14 लाख 75 हजार 200 वरून 12 लाखांवर आली. म्हणजे फटका 2 लाख 75 हजारांचा. उरलेला सव्वा लाखाच्या आसपासचा भार सरकारने उचलला, आणि त्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. चढत्या दराचा कर मंदीत गादीसारखा वागतो तो असा.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे 44AD मध्ये कर विक्रीच्या मागे चालतो, तुमच्या खऱ्या नफ्याच्या मागे नाही. विक्री 2 कोटीच राहिली पण माल खपवायला मार्जिन सोडावं लागलं आणि खरा नफा 4 टक्के उरला, तर कागदावर तुम्ही अजून 8 टक्केवालेच असता. गादी उघडतच नाही. कमी नफा दाखवायचा तर हिशेबाची पुस्तकं ठेवावी लागतात आणि उत्पन्न करपात्र असेल तर ऑडिटही. मंदीची चाहूल लागली की सीएला हा प्रश्न वर्ष संपायच्या आधी विचारा.

दुसरं म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स. जे 44AD मध्ये नाहीत त्यांना तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेला भरायचा असतो. बरेच जण गेल्या वर्षीचा आकडा उचलतात आणि तोच हप्ता भरत बसतात. धंदा सप्टेंबरमध्ये पडलेला असतो, डिसेंबरचा हप्ता मात्र जुन्याच जोरात जातो, आणि रिफंड पुढच्या वर्षी मिळतो. ज्या महिन्यात पैसा पाहिजे त्या महिन्यात तो सरकारकडे अडकलेला. प्रत्येक हप्त्याआधी नव्याने अंदाज बांधा. फार कमी धरू नका, कमी पडलं तर व्याज लागतं.

आणि ज्यांचं उत्पन्न आधीच 12 लाखांच्या खाली आहे, म्हणजे हे वाचणारे बहुतेक, त्यांचा कर आधीच शून्य असतो. शून्याच्या खाली तो जाणार कुठे? आयकराची गादी मोठ्यांच्या कामाची आहे. तुमची-माझी गादी म्हणजे तुमच्या गिऱ्हाईकाच्या हातातली मजुरी. म्हणून मला रोजगार हमी जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुठे अडकते हे दुकानदाराला माहीत पाहिजे.

कायद्याने मजुराने काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्श्याइतका आणि पुढे निम्म्याइतका. मनरेगाच्या रचनेत मजुरी केंद्र देतं, पण बेकारी भत्ता राज्याने आपल्या खिशातून द्यायचा. उद्देश चांगला होता, की राज्याला वाटावं, भत्ता देण्यापेक्षा काम काढलेलं परवडलं. प्रत्यक्षात काय होतं? मागणीची तारखेसह पावतीच मिळत नाही. पावती नाही म्हणजे 15 दिवस मोजायला सुरुवातच नाही, आणि भत्त्याचा प्रश्न मिटला. काम निघतं तेव्हा मागणी लिहून घेतात, म्हणजे कागदावर मागणी आणि काम एकाच दिवशी. यंत्राची वायर इथे काढून ठेवलेली असते.

दुसरी अडचण मजुरी उशिरा येण्याची. मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत पैसे खात्यात यायला पाहिजेत. लोह्याकडचे आमचे एक जुने विद्यार्थी आहेत, बाजारपेठेत किराणा दुकान. एका वर्षी मजुरी दोन-दोन महिने लांबली. गावकरी तर त्यांचेच, नाही कसं म्हणणार? उधारीची वही भरत गेली. ते मला म्हणाले, "सर, सरकारनं द्यायचे पैसे मीच देऊन राहिलो ना. फक्त माझ्याकडं नोटा छापायची मशीन नाही." मी यापेक्षा चांगली व्याख्या ऐकलेली नाही. सरकारी स्टॅबिलायझर बंद पडला की गावातला किराणावाला स्टॅबिलायझर होतो, आपल्या भांडवलावर, बिनव्याजी. होलसेलवाला मात्र त्यांना 21 दिवसांचीच मुदत देत होता. मजुरी शेवटी आली, उधारी बरीच वसूल झाली, पण मधल्या काळात त्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून माल भरला होता. त्याचं व्याज कुणी भरून दिलं नाही.

तिसरी मर्यादा म्हणजे हे यंत्र कोरड्या दुष्काळासाठी बनलेलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्यात गेली, सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर पिकं बुडाली. शिवारात गुडघाभर चिखल असताना मातीकाम कसं काढणार? अशा वेळी पंचनामे आणि मदतीची घोषणा यांचीच वाट बघावी लागते, म्हणजे पुन्हा निर्णय.

आता ज्या बदलाबद्दल मला खरंच काळजी वाटते तो सांगतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 100 चे 125 झाले, सगळीकडे हाच आकडा गाजला. पण खर्चाची रचना बदलली. बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40, आणि प्रत्येक राज्याला किती निधी हे केंद्र आधीच ठरवणार. त्यापुढचा खर्च राज्याचा. शिवाय पेरणी आणि काढणीच्या काळात मिळून 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे.

काहीजण म्हणतील, आधी तरी कुठे पैसा आपोआप येत होता? बरोबर आहे. 2020-21 च्या बजेटमध्ये मनरेगाला 61,500 कोटी होते. लॉकडाऊनमध्ये माणसं पुण्या-मुंबईहून चालत गावी आली, मागणी वाढली, तेव्हा आणखी 40,000 कोटींची घोषणा करावीच लागली. पण त्या घोषणेमागे कायद्याचा रेटा होता, मागेल त्याला काम द्यायचं बंधन केंद्राच्या तिजोरीवर होतं. निधी आधीच ठरला की तो रेटा राज्याकडे सरकतो. आणि वाईट वर्षात राज्याचंही उत्पन्न घटलेलं असतं. ज्या वर्षी लातूर-नांदेडला पैसा सगळ्यात जास्त लागणार, त्याच वर्षी मंत्रालयात 'निधी संपला' हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता जास्त. 125 दिवसांचा आकडा चांगल्या वर्षात शोभेल. स्टॅबिलायझरची परीक्षा वाईट वर्षात असते. म्हणून महाराष्ट्राने आपला जुना रोजगार हमी निधी, तुमच्या व्यवसाय कराचा पैसा, अशा वर्षासाठी खरोखर बाजूला ठेवलेला असावा असं माझं मत आहे. पन्नास वर्षांपूर्वी हाच विचार होता. तो पैसा तिजोरीत इतर पैशात मिसळून दिसेनासा झाला तर त्या पोराचा प्रश्न बरोबर ठरेल.

तुम्ही धंदा सुरू करताय, तर एक काम आत्ताच करा. ज्या गावांतून तुमचं गिऱ्हाईक येतं तिथल्या ग्राम रोजगार सेवकाची ओळख करून घ्या. त्याला महिन्यातून एकदा दोनच गोष्टी विचारा, सध्या किती मस्टर चालू आहेत आणि शेवटची मजुरी कोणत्या तारखेपर्यंतची जमा झाली. मनरेगाच्या वेबसाइटवर (nrega.nic.in) गावनिहाय हजेरीपत्रकं बघता येत आली आहेत, तीही बघायची सवय लावा. मस्टर वाढले आणि मजुरी वेळेवर येतेय, तर किराणा, कापड, स्टेशनरीचा माल भरायला हरकत नाही. मस्टर वाढले पण मजुरी महिनाभर मागे आहे, तर विक्री दिसेल, पैसा दिसणार नाही, तेव्हा उधारीची मर्यादा माणशी आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि होलसेलवाल्याशी मुदतीचं बोलून घ्या. आणि पाऊस गेलेला असून मस्टर शून्य असतील, तर समजा की त्या गावात कुणाची मागणीच नोंदली गेलेली नाही. ग्रामसभेत तुम्हीही बसू शकता. मजुरांना तारखेची पावती मिळावी ही मागणी एखाद्या दुकानदाराने केली, तर ती ऐकायला सरपंचालाही जरा वेगळी वाटेल.

लातूरच्या पुढच्या बॅचला मी फळ्यावर 2500 लिहीन तेव्हा वीस सेकंदांत पुढे जाणार नाही. तोपर्यंत तुमच्या गावात मजुरी किती दिवसांनी जमा होते ते खाली कमेंटमध्ये तालुक्याच्या नावासकट लिहा, त्याचा तक्ता करून पुढच्या व्हिडिओत दाखवतो.